पदकानंतरचे मोजके शब्द

ऑलिंपियाडच्या मुलांबरोबर काम करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांकडे दरवर्षी शरद ऋतूत एक मसुदा तपासायला येतो. परदेशी विद्यापीठाच्या अर्जासाठी लिहिलेल्या या मनोगतात बहुधा एखादा अवघड प्रश्न असतो. तीन तास काही सुचत नाही, मग अचानक एक सहायक रेषा दिसते आणि शेवटी चिकाटीचे महत्त्व कळते. गणितात काही चूक नसते, इंग्रजीही नीटनेटके असते. तरीही हा मसुदा वाया गेलेला असतो, कारण त्यातून कळते ते सारे अर्जातल्या दुसऱ्या रकान्याने आधीच सांगितलेले असते. आयएमओत दोन दिवस, रोज साडेचार तास बसून सहा प्रश्नांवर ४२पैकी गुण मिळवायचे असतात. अशा स्पर्धेत पदक मिळवणारा चिकाटीचा असणार, हे निवड समितीला निबंधातून समजावून घ्यावे लागत नाही.

एमआयटीचे उदाहरण घेऊ. तिथल्या अर्जात शैक्षणिक सन्मानांसाठी स्वतंत्र जागा आहे, आणि मनोगत एका लांब निबंधाऐवजी काही छोट्या उत्तरांत विभागलेले आहे. अलीकडच्या अर्जांत त्यातला एक प्रश्न असा होता की, तुम्ही केवळ आनंदासाठी काय करता? उत्तर मोजक्या शब्दांतच द्यायचे. आपली मुले इथे हटकून लिहितात, ‘गणिताचे प्रश्न सोडवतो’. ते खरेही असते. पण सन्मानांच्या रकान्यात आयएमओचे पदक असलेल्या मुलाने हे उत्तर दिले, तर वाचणाऱ्याच्या माहितीत काहीच भर पडत नाही.

समजा, एक विद्यार्थी गावच्या भजनी मंडळात पेटीची साथ करतो. पहिल्या मसुद्यात तो सांगतो की शुद्ध गांधाराचे षड्जाशी गुणोत्तर ५:४ असते, पेटीवर मात्र ते २चे घनमूळ म्हणजे सुमारे १.२६ येते. षड्ज २४० हर्ट्झ धरला तर तंबोऱ्यातून उमटणारा गांधार ३०० हर्ट्झचा आणि पेटीचा ३०२.४च्या आसपास. हा हिशेब चोख आहे, पण भौतिकशास्त्राच्या कोणत्याही हुशार मुलाला तो जमला असता. आता आपण विचारावे: मग गाणारे बुवा गांधारावर थांबतात तेव्हा तू काय करतोस? तो सांगतो, “तिथे मी बोट उचलतो. षड्ज-पंचम धरून ठेवतो आणि गांधार बुवांवर सोडतो.” निबंध इथे सुरू होतो. बरोबर उत्तर माहीत असूनही ते कुठे वाजवायचे नाही हे या मुलाला कळते, दुसऱ्याचे ऐकून तो आपला हात आवरतो. वसतिगृहात, प्रयोगशाळेत हा सोबती कसा असेल, याचा अंदाज वाचणाऱ्याला येतो. आकडे एका वाक्यात राहिले तरी पुरे.

यावर पहिला आक्षेप असा की गणित शिकायला चाललेल्या मुलाची पेटी कशाला पाहायची? आक्षेपात तथ्य आहे, आणि उत्तर संस्थेनुसार बदलते. ब्रिटनमध्ये यूकॅसच्या मनोगताला रिकाम्या जागांसकट ४००० अक्षरांची मर्यादा आहे आणि २०२६च्या प्रवेशापासून ते तीन प्रश्नांत विभागले आहे. विषय का निवडला, अभ्यासाने काय तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केले. केंब्रिजसाठी पहिल्या दोन उत्तरांवरच भर हवा. तिथे व्यक्तिमत्त्व दिसते ते, विद्यार्थ्याने स्पर्धेबाहेरचा कोणता प्रश्न स्वतःहून धरला आणि त्याची कोणती अटकळ खोटी ठरली, यातून. पेटी तिसऱ्या उत्तरात दोन ओळींत यावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असे निबंध मागितले की सल्लागारांचे फावते. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांचे व्यक्तिमत्त्व बाजारात घडवून मिळते. हे नाकारता येणार नाही, आणि निव्वळ परीक्षेवर निवड करणाऱ्या पद्धतीची बाजू इथे भक्कम आहे. पण या अर्जांत मनोगत एकटे वाचले जात नाही. एमआयटी दोन शिक्षकांची पत्रे मागते, एक गणित-विज्ञानाच्या आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचे. निबंधातला ऐकून घेणारा मुलगा भाषेच्या शिक्षकांना वर्गात कधीच दिसलेला नसेल, तर ती विसंगती वाचणाऱ्याला खटकू शकते. आपल्याकडे हे दुसरे पत्र शेवटच्या आठवड्यात, गुणपत्रिका समोर ठेवून उरकले जाते. (त्यात ‘आज्ञाधारक’ हा शब्द हमखास असतो.)

म्हणून मार्गदर्शकांना विनंती आहे. मसुद्यावर लाल पेन चालवण्याआधी मुलाला दोन-तीन प्रश्न विचारा आणि वाक्ये त्यालाच लिहू द्या. इंग्रजी थोडे ओबडधोबड राहिले तरी चालेल. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अर्जाची मुदत १५ ऑक्टोबरला संपते, तेव्हा ही बोलणी गणेशोत्सवाच्या आधीच सुरू करा, आणि त्यात भाषेच्या शिक्षकांनाही बसवा.