ओळख जुनी, माल नवा

चिक्की तयार करणाऱ्या एका पेढीने अन्नसुरक्षा प्रमाणपत्रासाठी अर्ज केला होता. तिच्याकडे शेंगदाणे वीस वर्षे एकाच व्यापाऱ्याकडून येत. मान्य पुरवठादारांच्या यादीत त्याचे नाव पहिले होते आणि मान्यतेचे कारण म्हणून ‘जुना संबंध’ एवढेच लिहिले होते. परीक्षकाने नेमके त्या दोन शब्दांवर बोट ठेवले.

त्याचा आक्षेप व्यापाऱ्याच्या सचोटीवर नव्हता. ओलसर दाण्यावर बुरशी धरते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक विष निर्माण होते. भाजल्याने ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. म्हणून ते दारातच अडवावे लागते. पेढीच्या विनिर्देशपत्रात मात्र ‘उत्तम, स्वच्छ माल’ असे शब्द होते. जे मोजता येत नाही, त्याच्या आधारे माल नाकारता कसा येणार?

पेढीने पत्र नव्याने लिहिले. कोणत्याही पोत्यात ओलावा ७ टक्क्यांहून अधिक नसावा. अफ्लाटॉक्सिन किलोमागे १५ मायक्रोग्रॅमच्या आत असावे. मालाचा मूळ प्रदेश बदलल्यास आधी कळवावे. त्यावर दोन्ही पक्षांनी सह्या केल्या.

पुढच्या खेपेस १०० पोती आली. सोबत प्रयोगशाळेचा निर्दोष अहवाल होता. परंतु त्यावरील लॉट क्रमांक पोत्यांवरील क्रमांकाशी जुळेना. तो अहवाल आधीच्या मालाचा होता. मग ट्रकच्या निरनिराळ्या भागांतून दहा पोती निवडून प्रत्येकाचा ओलावा स्वतंत्रपणे मोजला गेला. आठ पोत्यांत तो ६ टक्के भरला, दोहोंत ९. सरासरी ६.६ येत होती. केवळ सरासरी पाहिली असती, तर माल भट्टीवर गेला असता.

ओलावा पोत्यागणिक मोजावा लागतो, कारण सरासरी ओले पोते लपवते. विषाची तपासणी याच्या उलट करावी लागते. ते थोड्याच दाण्यांत एकवटलेले असते. म्हणून अनेक पोत्यांतून भरपूर दाणे घेऊन, एकत्र दळून, मग नमुना तपासतात. मूठभर दाण्यांचा निर्दोष अहवाल फारसे काही सांगत नाही.

दोन ओली पोती बाजूला काढून उरलेली घ्यावीत, असे गुमास्त्याने सुचविले. परंतु दहांत दोन ओली निघाली, तर न उघडलेल्या नव्वदांत किती असतील? सर्व १०० पोत्यांना ‘रोखलेला माल’ अशी चिठ्ठी लागली आणि ती वेगळी ठेवली गेली.

“शेठ, वीस वर्षांत कधी असे झाले नव्हते,” व्यापारी दूरध्वनीवर म्हणाला. ते खरेच होते. यंदा नेहमीच्या भागात पीक कमी आल्याने त्याने दुसऱ्या बाजारपेठेतून खरेदी केली होती. कळविण्याचे मात्र राहून गेले होते.

त्याने माल परत नेला. पेढीने त्याचे नाव यादीतून काढले नाही. नावापुढील ‘जुना संबंध’ खोडून मालाचा प्रदेश, तपासणीची तारीख आणि मान्यतेची मुदत लिहिली.