बोजा किती, ते मोजून दाखवा

मा. दिव्यांग कल्याण आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे यांस,



मी पूर्ण अंध आहे आणि अकरा वर्षं एका खाजगी कंपनीच्या हिशेब विभागात काम करतो. पुरवठादारांची बिलं तपासायची, नोंदवायची, महिनाअखेर खाती जुळवायची, हे माझं काम. एका कानात इयरफोन असतो आणि त्यात एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर वाचत असतो. तो फुकट मिळतो, त्यामुळे माझ्यासाठी कंपनीला एक रुपयाही खर्च आला नव्हता. एक्सेलवर सारं सुरळीत चाललं होतं. मग नवी संगणक प्रणाली आली.

तिच्यात अक्षरांऐवजी चित्रं होती. डोळस माणसाला फ्लॉपीचं चित्र दिसलं की कळतं, इथे जतन करायचं. मला टॅब दाबत गेलं की ऐकू यायचं, ‘बटन, बटन, बटन, बटन’. मी मोजायला लागलो. सातवं बटण जतन करायचं, नववं छपाईचं. दोन महिने असं निभावलं. एके दिवशी प्रणाली अद्ययावत झाली, मध्ये एक नवं बटण आलं आणि सातव्या जागी ‘रद्द करा’ येऊन बसलं. सकाळपासून नोंदवलेली बिलं एकेक करून पुसली जात होती आणि मला ते चार वाजता कळलं, तेही शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं म्हणून, ‘अरे, तुझी यादी रिकामी कशी?’

या बटणांना नावं द्या, असा मी अर्ज केला. दोन ओळींचं उत्तर आलं: आपली मागणी विचारात घेतली, मात्र ती कंपनीवर अवाजवी बोजा टाकणारी असल्याने मान्य करता येत नाही.

आयुक्तसाहेब, हे पत्र त्या ‘अवाजवी बोजा’बद्दल आहे.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोयीची व्याख्या आहे: विशिष्ट प्रसंगी आवश्यक आणि योग्य असा बदल, मात्र प्रमाणाबाहेरचा किंवा अवाजवी बोजा न टाकता केलेला. बोजा म्हणजे काय, हे कायदा सांगत नाही. मालकाला हीच जागा सापडते. माझ्या कंपनीने आधी दुसरीही जागा शोधली होती. सोय देण्याचं बंधन कलम 20ने सरकारी आस्थापनांवर घातलंय, आमच्यावर नाही, असं मला तोंडी सांगण्यात आलं. कलम 20चे शब्द तसे आहेत खरे. पण त्याच कायद्यात वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव ठरवलाय आणि कलम 3 भेदभावाला मनाई करतं. शिवाय वीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या खाजगी आस्थापनेने आपल्या समान संधी धोरणात दिव्यांगांना कोणत्या सोयी देणार ते लिहायचं असतं. आमच्या कंपनीचं धोरण आहे आणि त्यात सहायक साधनांचा उल्लेखही आहे. कुणीतरी ते दुसरीकडून उतरवून घेतलं असावं.

आता बोज्याचा हिशेब. मी हिशेबनीस, मला तो मागायची सवय आहे. पाठपुरावा केल्यावर कळलं की कंपनीने प्रणाली बनवणाऱ्यांना विचारलं होतं, ‘ही अंधांसाठी करायला किती लागतील?’ त्यांनी सगळ्या, म्हणजे सुमारे एकशे चाळीस पडद्यांच्या फेरबांधणीचं दरपत्रक पाठवलं: साडेसहा लाख. त्यातले पाच पडदे मी वापरतो. त्या पाचांवर अठरा बटणं मुकी आहेत. एका बटणाला नाव द्यायचं म्हणजे काय करायचं, ते इथे दाखवतो. आधी असं होतं:

```
<button><img src="save.png"></button>
```

आणि व्हायला हवं असं:

```
<button aria-label="जतन करा"><img src="save.png"></button>
```

डोळसांच्या पडद्यावर यातून काडीचाही फरक पडत नाही. मला मात्र ‘बटन’ऐवजी ‘जतन करा, बटन’ ऐकू येतं. साडेसहा लाखांचा आकडा खोटा नव्हता, पण मी न मागितलेल्या गोष्टीचा होता. मला नेमकं काय हवंय, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात बजावलंय की सोय प्रकरणागणिक आणि त्या व्यक्तीशी बोलून ठरवायची, तिला काय लागेल याचा परस्पर अंदाज बांधायचा नाही. संवाद झालाच नसेल, तर बोजा मोजला असं म्हणताच येत नाही.

दुसरं, तो आकडा कशाच्या प्रमाणात पाहिला? आमच्या साहेबांनी विभागाच्या वार्षिक तरतुदीशी तुलना केली. दिव्यांग हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2018च्या आपल्या भाष्यात सांगितलंय की एका विभागाची नव्हे, संपूर्ण संस्थेची ऐपत बघायची, इतरांना होणारा फायदाही जमेस धरायचा, आणि बोजा अवाजवी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्याची. बिलं स्कॅन केलेल्या चित्रांऐवजी मूळ पीडीएफ स्वरूपात मागवा, ही माझी दुसरी मागणी होती. ती मान्य झाली तर माझ्या चार डोळस सहकाऱ्यांनाही बिल क्रमांक शोधता येईल. आज तेही डोळे ताणून एकेक पान चाळतात.

माझ्या सगळ्याच मागण्या रास्त होत्या, असं मात्र मी म्हणणार नाही. पहिल्या अर्जात मी पूर्णवेळ वाचनिक मागितला होता. म्हणजे माझं काम करायला आणखी एक पगार. तो नाकारला गेला आणि मला ते चूक वाटलं नाही. कारण बिल तपासणं हा माझ्या कामाचा गाभा आहे, तोच दुसऱ्याकडे गेला तर मी कशाचा पगार घेतो? कागदी धनादेशावरची सही ताडणं हे तसं नाही. ते महिन्यातून दोन-तीनदाच येतं. ते सहकाऱ्याने घेतलं, बदल्यात त्याची बँक-जुळवणी मी घेतली. खर्च शून्य. सहा माणसांचा कारखाना भाड्याच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असेल आणि कुणी लिफ्ट मागितली, तर तो बोजा खरोखर अवाजवी ठरू शकतो. तरीही त्या माणसाचं टेबल तळमजल्यावर नेता येईल का, हा प्रश्न उरतोच. एक मागणी जड आहे म्हणून विषय संपत नाही.

आपल्याकडे कलम 82नुसार कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. माझी विनंती एवढीच की ‘अवाजवी बोजा’ असं लिहून येणाऱ्या प्रत्येक उत्तरावर आपल्या कार्यालयाने एक कागद मागवावा. संबंधित कर्मचाऱ्याशी कोण, कधी बोललं. दरपत्रक नेमकं कोणत्या कामाचं. स्वस्त पर्याय कोणते तपासले. संपूर्ण कंपनीची उलाढाल किती. मालकाचा बोजा खरा असेल, तर हा कागद त्याच्याच बाजूने बोलेल. आपल्या शिफारशीवर काय केलं, किंवा ती का स्वीकारली नाही, हे तीन महिन्यांत कळवणं कलम 81नुसार बंधनकारक आहे. त्या उत्तरातही हेच आकडे असावेत.

माझ्या अठरा बटणांपैकी अकरांना आता नावं मिळालीत. प्रणाली बनवणाऱ्यांकडचा एक तरुण दुरुस्तीसाठी आला होता, त्याला मी इयरफोनचं दुसरं बोंड दिलं. पाच मिनिटं ऐकून त्याने तिथेच बसून ती नावं दिली. उरलेल्या सातांसाठी परवानगी नाही म्हणाला.

बिलं अजून चित्रंच येतात. Insert आणि R दाबून मी त्यांतली अक्षरं ओळखून घेतो, पण पुसट शिक्क्याखाली 3 आणि 8 यांत यंत्र गोंधळतं. काल एका बिलात त्याने 83,000 वाचलं. खरा आकडा काय ते विचारायला मी पुरवठादाराला फोन लावला, तो जेवायला गेला होता.

आपला,
एक हिशेबनीस