न वापरता बॅटरी कोण खाते?

मोबाइलची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकेनाशी झाली, की घरोघरी एकच निदान होते : बॅटरी म्हातारी झाली, बदलून टाका. दुकानदारही मान डोलावतो. नवी बॅटरी बसते, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच हा प्रकार. वास्तविक, वीज कुठे गेली याचा जमाखर्च फोन स्वतःच लिहून ठेवत असतो. तो वाचायचा कसा, एवढेच ठाऊक नसते.

बंगळूरच्या जयनगरमध्ये राहणाऱ्या आमच्या एका वाचक भगिनींचेच उदाहरण घेऊ. दिवसभर त्या घरी एकट्या असतात. पुण्याची मुलगी रोज संध्याकाळी सातला फोन करते. महिन्याभरात तीन वेळा आईचा फोन बंद लागला आणि घाबरलेल्या मुलीने शेजाऱ्यांना दार ठोठवायला लावले. फोन जेमतेम दीड वर्षाचा. नवी बॅटरी घालण्याआधी त्यांनी पडद्यावरच्या जमाखर्चाचा फोटो आमच्याकडे धाडला. तोच आज आपण ओळीओळीने वाचू.

पान कोणते आणि कुठे?

अँड्रॉइड फोनमध्ये `Settings` उघडून `Battery` आणि मग `Battery usage` असे गेले की हे पान येते. कंपनीगणिक नावे थोडी बदलतात, पण मांडणी सारखीच असते. वर दिवसभराचा आलेख आणि खाली अ‍ॅपची यादी, ज्याचा खर्च जास्त ते वर.

यादी वाचण्याआधी एक गोष्ट पाहावी : हा हिशोब केव्हापासूनचा आहे? काही फोन तो मागच्या पूर्ण चार्जिंगपासून मांडतात, तर काही एकेका दिवसाचा. या भगिनींचा फोन पहिल्या प्रकारचा. आदल्या रात्री नऊला बॅटरी पूर्ण भरली होती आणि फोटो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचचा. बॅटरी उरली होती ४० टक्के. म्हणजे वीस तासांत ६० टक्के खर्च झाली.

यादीत पहिले नाव होते टॅक्सी बोलावण्याच्या एका अ‍ॅपचे, त्यापुढे ४५ टक्के. दुसरे व्हिडिओ पाहण्याचे अ‍ॅप, २० टक्के. मग गप्पांचे, बातम्यांचे वगैरे.

टक्के कशाचे?

इथेच बहुतेकांची गफलत होते. ४५ टक्के म्हणजे बॅटरीचा जवळजवळ अर्धा भाग, असे वाटते. तसे नाही. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये हे टक्के *खर्च झालेल्या* विजेचे असतात, सगळ्या बॅटरीचे नव्हे. इथे खर्च झाला ६०. त्याचे ४५ टक्के म्हणजे २७. तेव्हा टॅक्सीच्या अ‍ॅपने बॅटरीचे २७ टक्के खाल्ले आणि व्हिडिओने १२. हा गुणाकार केल्याशिवाय कोणत्याही अ‍ॅपला दोष देऊ नये.

आणखी एक गोष्ट. हे आकडे अंदाजाचे असतात. तुमच्या फ्लॅटला बेसकॉमचे मीटर एकच. फ्रिजला वेगळे नाही, गीझरला वेगळे नाही. तरी गीझर किती वॉटचा आणि किती तास चालला, यावरून त्याचा वाटा काढता येतो. अँड्रॉइड फोन साधारण हेच करतो. पडदा, प्रोसेसर, जीपीएस, नेटवर्क यांना किती वीज लागते याचा तक्ता कंपनीने फोनमध्ये घातलेला असतो. कोणत्या अ‍ॅपने कोणता भाग किती वेळ चालवला, त्यावरून वाटणी होते. म्हणून १२ की १४ यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पण २७ म्हटले की तिकडे पाहायलाच हवे.

खरा पुरावा दुसऱ्या पानावर

नुसत्या टक्क्यांवरून मात्र गुन्हेगार ठरत नाही. यादीतल्या नावावर बोट टेकवले की आणखी एक पान उघडते आणि तिथे दोन वेळा दिसतात. `Screen time` म्हणजे ते अ‍ॅप पडद्यावर उघडे होते तो वेळ. `Background` म्हणजे पडद्याआड ते चालू होते तो वेळ.

व्हिडिओच्या अ‍ॅपपुढे होते : पडद्यावर २ तास १० मिनिटे, पडद्याआड काही नाही. बाईंनी दुपारी मालिका पाहिली, तिचा हा खर्च. मागितली तेवढीच वीज त्याने घेतली. टॅक्सीच्या अ‍ॅपपुढे होते : पडद्यावर ३ मिनिटे, पडद्याआड १६ तास २० मिनिटे! त्या दिवशी बाईंनी टॅक्सी बोलावलीच नव्हती.

पडद्याआडचा वेळ दिसला की लगेच संशय घ्यावा असेही नाही. रेडिओ किंवा गाणी ऐकताना पडदा बंदच असतो, तिथे हा वेळ रास्त आहे. प्रश्न एवढाच विचारावा : या वेळात मी या अ‍ॅपकडून काही काम घेत होते का?

रात्रीचा आलेख ही याची उत्तम परीक्षा, कारण तेव्हा फोनला कुणी हात लावत नाही. बाईंची बॅटरी रात्री दहाला ९७ होती, सकाळी सहाला ८१. झोपेच्या आठ तासांत १६ टक्के! निरोगी फोनची रात्रीची उतरण साधारण तीन ते सहा टक्क्यांच्या आसपास असते.

रात्रभर काय चालले होते?

हे शोधायला `Privacy dashboard` नावाचे आणखी एक पान कामी येते. `Settings` च्या शोधपट्टीत हे नाव टाकले की सापडते. गेल्या चोवीस तासांत कोणत्या अ‍ॅपने तुमचे ठिकाण, कॅमेरा किंवा माइक वापरला, ते वेळेनिशी तिथे दिसते. टॅक्सीचे अ‍ॅप रात्रभर ठिकाण विचारत होते. वरून बोट ओढून सूचनांची यादी पाहिली, तर तळाशी प्रवास सुरू असल्याची सूचना! बाईंनी चार दिवसांपूर्वी एक टॅक्सी रद्द केली होती. अ‍ॅपच्या लेखी ती फेरी संपलीच नव्हती.

घरात, छताखाली, उपग्रहांचे संकेत नीट मिळत नाहीत. मग जीपीएस पुनःपुन्हा शोधत राहते आणि त्यासाठी प्रोसेसरलाही झोप मिळत नाही. वीज जाते ती या जागरणात.

काय बदलायचे?

एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाने आला ते कळते.

पहिल्या रात्री बाईंनी फक्त एक केले. `Settings`, `Apps`, मग त्या अ‍ॅपचे नाव, आणि तिथे `Force stop`. रात्री ९७, सकाळी ९३! चोर सापडला. पण हा उपाय तात्पुरता असतो. अ‍ॅप पुन्हा उघडले की बंधन सुटते. दोन दिवसांनी त्या टॅक्सीने बसवनगुडीला जाऊन आल्या आणि त्या रात्री पुन्हा १५ टक्के उतरले.

म्हणून दुसरा बदल : प्ले स्टोअरमधून अ‍ॅपची नवी आवृत्ती घेतली. तिसरा बदल परवानगीचा. त्याच अ‍ॅपच्या पानावर `Permissions` आणि मग `Location`. तिथे `Allow all the time` अशी खूण होती, ती काढून `Allow only while using the app` वर आणली. आता अ‍ॅप बंद असताना त्याला आपणहून ठिकाण विचारायला सुरुवात करता येत नाही. टॅक्सी मात्र पूर्वीसारखीच येते.

एवढ्यावर भागले. भागले नसते, तर चौथा उपाय होता. अ‍ॅपच्या बॅटरीच्या पानावर `Allow background usage` बंद करणे. सॅमसंगच्या फोनमध्ये याऐवजी अ‍ॅपला `Deep sleeping apps` च्या यादीत टाकतात. हे औषध मात्र जपून द्यावे. असे अ‍ॅप तुम्ही उघडेपर्यंत काहीच करत नाही आणि त्याच्या सूचना उशिरा येतात किंवा येतच नाहीत. निरोपांचे अ‍ॅप, गोळ्यांची आठवण देणारे किंवा रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्राला जोडलेले अ‍ॅप यांना हे बंधन कधीही घालू नये. अलीकडे उघडलेल्या अ‍ॅपच्या चौकटी बोटाने वर सारून बंद करण्याची सवय पुष्कळांना असते. पडद्याआड अडकलेले काम तेवढ्याने थांबेलच असे नाही.

दोष वापरणाऱ्याचा नसतो

असे अडकणे नामवंत अ‍ॅपच्या बाबतीतही घडले आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये आयफोनवर फेसबुकचे अ‍ॅप पडद्याआड तासन्‌तास चालू दिसू लागले. ज्यांनी त्याला पडद्याआड ताजे होण्याची परवानगी नाकारली होती, त्यांच्याकडेही! कंपनीचे अभियंते अरी ग्रँट यांनी दोन कारणे जाहीर केली. एक म्हणजे नेटवर्कच्या कामात एक धागा उत्तराची वाट पाहताना सारखे तेच ते विचारत राहत होता. गाडीत बसलेले पोर दर मिनिटाला "आलं का गाव?" विचारते, पण त्याने गाव लवकर येत नाही, ही उपमा त्यांचीच. दुसरे म्हणजे व्हिडिओ पाहून अ‍ॅप सोडले, तरी आवाजाचे काम मागे उघडेच राहायचे. ऐकू काहीच येत नसे, पण फोनला वाटे की गाणे चालू आहे, म्हणून तो त्याला झोपवत नसे. ही दुरुस्ती अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीतूनच व्हायची होती. नवी आवृत्ती घेणे हा उपाय टाळू नये, तो यासाठी.

आयफोन वापरणाऱ्यांनी `Settings` मधल्या `Battery` मध्ये जावे. पडद्यावरचा आणि पडद्याआडचा वेळ तिथेही वेगळा दिसतो. ठिकाणाची परवानगी `Always` वरून `While Using` वर आणावी.

आकडा वाढला, खर्च नाही

शेवटी एक सापळा. आठवड्याने बाईंचा दुसरा फोटो आला, सोबत काळजीची ओळ : "टॅक्सी सुधारली, पण आता व्हिडिओ बिघडला. वीसचे छत्तीस टक्के झाले!" आलेख पाहिला. त्याच वीस तासांत या वेळी एकूण खर्च झाला होता ३३, म्हणजे संध्याकाळी पाचला बॅटरी ६७ शिल्लक. ३३ चे ३६ टक्के किती? १२. व्हिडिओने पहिल्या दिवशीही १२ च खाल्ले होते. मोठा वाटेकरी उठून गेला, म्हणून उरलेल्यांचे टक्के फुगले.

यादीत कुणीच ठळक दिसत नसेल, रात्रीची उतरणही बेताची असेल आणि तरीही वापरताना बॅटरी भराभर संपत असेल, तर मात्र बॅटरीच थकलेली असू शकते. तेव्हा दुकान गाठावे. जयनगरला ती वेळ आली नाही. सातचा फोन आता रोज लागतो आणि शेजाऱ्यांचीही सुटका झाली आहे.