माणशी अठ्ठावीस हजार पाचशे, पण किती जणांत?

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली.

महोदय,

आमच्या डोंबिवलीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे हिशेब माझ्याकडे असतात. त्यामुळे दरवर्षी सहलीचं कोटेशन आलं की ते आधी माझ्या टेबलावर येतं. बाकीचे फोटो बघतात, मी बेरीज बघतो. यंदा केरळचा बेत होता: कोची, मुन्नार, थेक्कडी, आलप्पुळाची हाउसबोट आणि कोवळम, सहा रात्री आणि सात दिवस. विमानाची तिकिटं आम्ही आमची काढणार होतो. आयोजकाचं नाव इथे घेत नाही. अशी कोटेशनं मी इतकी पाहिली आहेत की प्रश्न त्या एका माणसाचा नाही.

कोटेशनच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘माणशी ₹ २८,५००, ट्विन शेअरिंग’ असं होतं. खाली ‘सिंगल सप्लिमेंट ₹ ९,६००’ आणि ‘जीएसटी ५ टक्के एक्स्ट्रा’. शेवटच्या पानावर एकूण रक्कम ₹ ८,९२,३९५. आम्ही सत्तावीस जण, त्यातले पाच जण स्वतंत्र खोली घेणारे. चौघी एकट्या राहणाऱ्या आहेत, आणि पाचवे गृहस्थ इतके घोरतात की त्यांच्या सोबतीला कुणी तयार होत नाही. उरलेले बावीस म्हणजे अकरा खोल्या, एकूण सोळा. खोल्यांचा मेळ आधी घालून बघावा. एकटे वगळून उरलेली संख्या विषम आली, तर कुणाला तरी तिसरी गादी टाकून झोपावं लागणार किंवा सप्लिमेंट भरावं लागणार, आणि ते कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

आता बेरीज. सत्तावीस गुणिले २८,५०० म्हणजे ७,६९,५००. पाच सप्लिमेंटचे ४८,०००. दोन्ही मिळून ८,१७,५००, त्यावर पाच टक्के कर ४०,८७५. एकूण ८,५८,३७५ व्हायला हवेत. कोटेशनमधली रक्कम यापेक्षा ३४,०२० रुपयांनी जास्त.

अशा वेळी लगेच फोन लावून भांडू नये. फरक कुठून आला, ते तो आकडाच बऱ्याचदा सांगतो. आधी त्यातला कर बाहेर काढायचा: ३४,०२० भागिले १.०५ म्हणजे ३२,४००. आता याला माणसांच्या संख्येने भागून बघायचं, मग एकट्यांच्या. पाचाने भागलं तर ६,४८० येतात. असा आडनिडा आकडा कुणी सप्लिमेंटमध्ये घालत नाही. सत्तावीसने भागलं तर बरोबर १,२००. म्हणजे पहिल्या पानावर २८,५०० छापून शेवटच्या पानावर २९,७०० ने गुणाकार झाला होता. कराचा दर किंवा कराची पाया-रक्कम चुकली असती, तर बाराशेसारखा गोल आकडा हाती लागणं अवघड होतं.

फोन केल्यावर आयोजक शांतपणे म्हणाले, “काका, तो दर तीस जणांचा आहे. अटींमध्ये लिहिलंय.” लिहिलं होतं खरं, सतराव्या अटीत. आमच्या यादीत मुळात तीस नावं होती, गुडघे आणि नातवंडं यांपायी तिघे गळले. “तुम्ही मोठ्या बेरजेकडे बघूच नका, माणशी दर बघा,” असा सल्लाही त्यांनी दिला.

तर माणशी दरच बघू. त्याचे दोन भाग असतात. जेवण, अर्धी खोली, प्रवेश तिकिटं हा खर्च माणसागणिक होतो. एक माणूस कमी झाला की तेवढा खर्चही कमी. दुसरा भाग माणसं किती आहेत याची पर्वा करत नाही: बसचं भाडं, ड्रायव्हरचा भत्ता, टोल, परमिट, पार्किंग, टूर मॅनेजरचं मानधन आणि त्याची राहण्याची सोय. तीस जण असोत की सत्तावीस, बस तीच. म्हणून माणसं कमी झाल्यावर दर वाढणं यात गैर काही नाही. प्रश्न इतकाच की किती वाढावा.

मी त्यांना विचारलं, या सगळ्या ठरीव खर्चाचा आकडा काय? त्यांनी दोन लाख चाळीस हजार सांगितला. मग हिशेब सोपा आहे. तीस जणांत त्याचा वाटा माणशी आठ हजार. तिघे गेले, त्यांचे चोवीस हजार उरलेल्या सत्तावीस जणांनी उचलायचे, म्हणजे माणशी ८८९ रुपये. मागितले होते १,२००. तिघांमुळे पडलेला खड्डा चोवीस हजारांचा आणि आमच्याकडून भरून घेतले जाणार होते बत्तीस हजार चारशे. दुसऱ्या टोकानेही हे तपासता येतं. तीसवरून सत्तावीसवर येताना बाराशेच वाढायचे असतील, तर ठरीव खर्च तीन लाख चोवीस हजार असायला हवा. हे त्यांना सांगितल्यावर दर २९,४०० वर आला. हिशेबाच्या दृष्टीने अकरा रुपये अजून त्यांच्याकडे राहिले, ते राहू द्यावेत.

सप्लिमेंटचं गणित जरा वेगळं आहे आणि माझ्या मते सर्वात जास्त लपवाछपवी तिथेच चालते. ९,६०० भागिले सहा रात्री म्हणजे रात्रीला १,६००. सप्लिमेंट म्हणजे खोलीचा जो अर्धा वाटा दुसऱ्या माणसाने दिला असता, तो. त्यात दुसऱ्या माणसाचं जेवण येत नाही, कारण जेवणारा एकच आहे. पण हॉटेलचे दर बहुधा नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून असतात, आणि त्या पूर्ण दराचा निम्मा भाग सप्लिमेंट म्हणून लावला की न जेवलेल्या माणसाचं ताटही एकट्या माणसाच्या बिलात येतं. कोटेशनमध्ये मुन्नारच्या हॉटेलचं नाव होतं. तिथे मी चौकशी केली. दोघांसाठी जेवणासह ४,०००, एकट्यासाठी ३,१००. ट्विन शेअरिंगमध्ये माणशी २,००० आधीच दरात धरलेले आहेत, म्हणजे एकट्याकडून वर घ्यायचे १,१००. सोळाशे नव्हे. फोनवर मिळणारा दर आणि आयोजकाचा ठरावाचा दर एक नसतो हे मला कळतं. तो तंतोतंत जुळणार नाही. पण दोघांच्या आणि एकट्याच्या दरांतला फरक साधारण कुठे आहे, ते त्यातून कळतं. मुन्नारच्या दोन रात्रींचे मिळून हजार रुपये त्यांनी कमी केले आणि सप्लिमेंट ८,६०० झालं. हाउसबोटीवर मात्र एकट्याला खरंच पूर्ण बेडरूम अडवावी लागते, तिथे घासाघीस करण्यात अर्थ नव्हता.

कराबद्दल आमच्या मंडळींचाच गैरसमज होता. सप्लिमेंटवर जीएसटी कशाला, असं दोघींनी विचारलं. तो लागतो. आयोजक ज्या पाच टक्क्यांच्या दराने कर लावतात, त्याची अटच अशी आहे की बिलात राहणं आणि प्रवास धरून सहलीची एकूण रक्कम दाखवायची आणि कर त्या पूर्ण रकमेवर घ्यायचा. याची दुसरी बाजू मात्र विसरली जाते. हॉटेलचा जीएसटी, बसचा जीएसटी अशा वेगळ्या ओळी घालून पुन्हा वर पाच टक्के लावले असतील, तर हॉटेलने आयोजकाकडून घेतलेला कर आपल्याला वेगळा मोजायला लावून त्यावर आणखी कर घेतला जातोय. आणि कोटेशनवर पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांकच नसेल, तर ‘जीएसटी’ नावाची ओळ तिथे कशी आली, ते विचारायला हवं. ज्याची नोंदणी नाही, त्याला कर गोळा करण्याचा अधिकार नाही. क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून चालू आहे का, ते बघता येतं.

अखेर आमचा हिशेब असा बसला: २७ गुणिले २९,४०० म्हणजे ७,९३,८००, सप्लिमेंट ४३,०००, कर ४१,८४०, एकूण ८,७८,६४०. हे आम्ही लेखी घेतलं. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट लेखी घेतली, जी विचारायचं बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. ट्विन शेअरिंगमधला एक जण ऐनवेळी गळला, तर रक्कम २९,४०० ने कमी होत नाही. त्याचा जोडीदार एकटा उरतो आणि त्याच्या नावावर ८,६०० चं सप्लिमेंट चढतं, करासह ९,०३०. ते कुणी भरायचं? मागे राहिलेल्याने, गळालेल्याच्या परताव्यातून, की संघाने? आम्ही गळालेल्याच्या परताव्यातून असं ठरवलं. त्यावर बैठकीत झालेलं भांडण सहलीच्या जागेवरून झालेल्या भांडणापेक्षा मोठं होतं.

महोदय, आता आपल्याला पत्र का, ते सांगतो. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी आपल्या प्राधिकरणाने डार्क पॅटर्नबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. त्यात ‘ड्रिप प्रायसिंग’ आहे, म्हणजे किमतीचा भाग सुरुवातीला दडवायचा आणि नंतर उघड करायचा. पण त्या तत्त्वांच्या नजरेसमोर पडदा आहे: संकेतस्थळ, ॲप, त्यावरची बटणं. आमच्यासारख्या संघांना, सोसायट्यांना, भिशी मंडळांना जे कोटेशन येतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ म्हणून किंवा लेटरहेडवर येतं. त्यात पहिल्या पानावरचा दर आणि सतरावी अट यांच्यात जे अंतर असतं, तेही किंमत थेंबाथेंबाने सांगणंच आहे. एखाद्या ॲपला जे करता येत नाही, ते लेटरहेडवर चालावं, असं आपल्यालाही वाटत नसेल.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम १८ खाली अनुचित व्यापारी प्रथा रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढण्याचा अधिकार आपल्याला आहे. हॉटेलांच्या सेवा शुल्काबद्दल ४ जुलै २०२२ रोजी तो आपण वापरलाही आहे. सामूहिक सहलींच्या कोटेशनसाठी एका पानाचा नमुना ठरवून द्यावा, एवढीच विनंती. माणशी दराच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, तो किती प्रवाशांसाठी आहे ते असावं आणि संख्या घसरल्यास लागणारे दर त्याच पानावर असावेत. खोल्या किती आणि कशा, सप्लिमेंट रात्रीला किती आणि त्यात जेवण धरलंय का, हे लिहावं. करापूर्वीची रक्कम, कर आणि एकूण यांचा हिशेब उघड मांडावा, म्हणजे कुणालाही पेन घेऊन तो पुन्हा करता येईल. आयोजकाचा नफा किती, हे आम्हाला नको आहे. तो त्याचा धंदा आहे.

कोटेशनची प्रत, माझा हिशेब आणि दुरुस्त झालेलं कोटेशन, आयोजकाचं नाव झाकून, सोबत जोडत आहे.

आपला विश्वासू,
हिशेबनीस, ज्येष्ठ नागरिक संघ, डोंबिवली