आमच्या होडीची काडी

सेकंड इयरच्या ग्राफिक्सच्या जर्नलमध्ये सातवं की आठवं प्रॅक्टिकल होतं, 'दिलेली आकृती आरंभबिंदूभोवती दिलेल्या कोनातून फिरवणे'. (आरंभबिंदू हा शब्द मला माझ्या मराठी मीडियमच्या मावसभावाने दिला. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही नुसतं ओरिजिन म्हणायचो आणि पुढे जायचो.) सगळ्यांनी त्रिकोण फिरवला. मी मालवणची, म्हणून मी होडी काढली, एका बाजूला उलांडी असलेली. ३० अंश टाकले, होडी वळली, सही मिळाली. प्रोग्रॅम अर्थातच माझा नव्हता. हॉस्टेलवर सीनियर्सकडून ज्युनियर्सकडे जी फाईल वाहत येते, तिच्यातला होता.

मे महिन्यात घरी गेले तेव्हा दांडीच्या किनाऱ्यावर मामाला लॅपटॉपवर ती होडी दाखवली. समोर सिंधुदुर्ग किल्ला, बाजूला वर ओढून ठेवलेल्या खऱ्या होड्या. मामाने मान तिरकी करून बघितलं आणि विचारलं, "ही होडी कोणी बांधली गो? उलांडी अशी तिरकी कित्याक?" मी म्हटलं, मामा, वळवलीय ती, म्हणून तशी दिसते. तर म्हणाला, "होडी वळवली म्हणान तिची लांबी कमी कशी होतली?"

मी स्क्रीनला पट्टी लावली. खरंच कमी होती.

फाईलमधल्या दोन ओळी अशा होत्या:

```c
x = x*cos(t) - y*sin(t);
y = x*sin(t) + y*cos(t);
```

सूत्र बरोबर आहे. जर्नलमध्येही हेच लिहिलंय, परीक्षेत हेच लिहून मार्क मिळतात. चूक सूत्रात नाहीच. पहिल्या ओळीत x बदलला आणि दुसऱ्या ओळीत तोच बदललेला x वापरला गेला. सूत्राला दोन्हीकडे जुना x हवा असतो. कागदावर दोन्ही समीकरणं एकाच वेळी खरी असतात, कॉम्प्युटर मात्र एकेक ओळ करत जातो.

आकडे घालून बघू. होडीच्या मध्यावर आरंभबिंदू, पुढचं टोक (100, 0) वर, उलांडीचं लाकूड (0, 40) वर. ३० अंशातून फिरवल्यावर टोक (86.6, 50) वर जायला हवं. आमच्या प्रोग्रॅममध्ये x होतो 86.6, आणि मग y म्हणजे याच 86.6 ची निम्मी, 43.3. मध्यापासूनचं अंतर १०० ऐवजी ९६.८. एवढं डोळ्याला कळत नाही. पण उलांडी बघा. ती (-20, 34.6) वर जायला हवी, ती जाते (-20, 24.6) वर. अंतर ४० चं ३२ च्याही आत आणि होडीशी असलेला काटकोन साधारण १०२ अंशांचा. मामाला दिसलं ते हे. त्रिकोण काढला असता तर मामालाही दिसलं नसतं, कारण त्रिकोण मुळात कसा होता हे कोणाच्या लक्षात राहतं?

मग मी वेगवेगळे कोन टाकून बघितले. ५ अंशाला काहीच कळत नाही. ४५ ला होडी चेपलेली. आणि ९० टाकले तर होडी गायबच. राहिली एक तिरकी रेघ! कारण सोपं आहे. ९० अंशाला कोसाईन शून्य, साईन एक. पहिल्या ओळीत x होतो -y. दुसऱ्या ओळीत y होतो नवा x, म्हणजे तोही -y. प्रत्येक बिंदूचे दोन्ही निर्देशक सारखेच, म्हणून सगळे एका रेघेवर. गणित करून पाहिलं तर क्षेत्रफळ दर वेळी कोसाईनच्या वर्गाने गुणलं जातं: ३० ला तीन चतुर्थांश, ४५ ला निम्मं, ९० ला शून्य. होडी एकेक अंशाने हळूहळू फिरवत ठेवली, तर एक फेरी पूर्ण होईपर्यंत ती सुमारे ५ टक्क्यांनी आखूड होते. बघणाऱ्याला वाटतं, लांब चाललीय.

माझी तक्रार आहे ती इथे. इतक्या बॅचेसनी ही फाईल वापरली आणि कोणीच ९० टाकले नाहीत. जर्नलच्या नमुन्यात ३० होते, म्हणून सगळ्यांनी ३० टाकले, मीही. व्हायव्हात विचारतात ते 'मॅट्रिक्स लिहा'. मॅट्रिक्स सगळ्यांना पाठ असतं. वजा कुठल्या साईनला लागतो हे मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री कॉरिडॉरमध्ये ओरडून विचारावं लागतं.

खरं तर ते पाठ करायची गरजच नाही. (1, 0) हा बिंदू कोनाएवढा फिरवला की (cos t, sin t) वर जातो, ही तर साईन-कोसाईनची व्याख्याच झाली. (0, 1) हा त्याच्यापुढे काटकोनात असतो, तो वरून डावीकडे कलतो, म्हणून (-sin t, cos t). वजा आला तो या डावीकडे कलण्यातून. आता (x, y) म्हणजे पहिल्या दिशेने x पावलं आणि दुसऱ्या दिशेने y पावलं. दिशा फिरल्या, पावलं तेवढीच राहिली. बेरीज केली की सूत्र हजर. हे वर्गात सांगायला पाच मिनिटं लागतील.

दुसरी गोष्टही मामाकडूनच कळली, म्हणजे त्याने सांगितली नाही, मी बघितली. वाळूवर होडी वळवताना मागचं टोक दोघं जण दाबून धरतात आणि बाकीचे पुढचं टोक ढकलतात. होडी कशाभोवती वळणार हे आधी ठरतं. आमच्या प्रॅक्टिकलमध्ये हे कोणी ठरवतच नाही. टर्बो सी च्या ६४० × ४८० च्या स्क्रीनवर आरंभबिंदू असतो वरच्या डाव्या कोपऱ्यात. स्क्रीनच्या मध्यावर, (320, 240) ला असलेली होडी तशीच ३० अंश फिरवली तर तिचा मध्य (157, 368) वर जातो. ६० अंश फिरवली तर x उणे होतो आणि होडी डाव्या कडेबाहेर. 'मॅडम, होडी बुडाली' हा जोक प्रत्येक बॅचमध्ये होतोच. आधी प्रत्येक बिंदूतून 320 आणि 240 वजा करायचे, मग फिरवायचं, मग परत मिळवायचे, म्हणजे होडी जागच्या जागी वळते. आणि स्क्रीनवर y खाली वाढतो, त्यामुळे पुस्तकात घड्याळाच्या उलट फिरणारी होडी इथे घड्याळाप्रमाणे फिरते. ती चूक नव्हे, उगाच चिन्हं बदलत बसू नका.

जर्नलमध्ये या प्रॅक्टिकलला आउटपुटच्या चित्राचे मार्क असतात. माझं म्हणणं, चित्राचे निम्मे करा आणि उरलेले पट्टीचे ठेवा. फिरवण्याआधी दोन बिंदूंमधलं अंतर किती, फिरवल्यावर किती, आणि ९० अंशाला काय झालं, एवढ्या तीन ओळी प्रत्येकाने लिहायच्या. फाईल कॉपी करणारे करोत बापडे, पण निदान ती तपासून तरी कॉपी करतील.

हॉस्टेलवरच्या फाईलमध्ये मी दुरुस्ती केली आहे:

```c
nx = x*cos(t) - y*sin(t);
ny = x*sin(t) + y*cos(t);
x = nx;  y = ny;
```

t रेडियनमध्येच द्या. सरळ 30 लिहिलंत तर होडी ३० रेडियन फिरते, म्हणजे सुमारे २७९ अंश, आणि लांबी मात्र बरोबर असल्यामुळे पट्टीलाही ते पकडता येत नाही. होडी सतत फिरवायची असेल तर फिरलेली होडी पुन्हा फिरवू नका. मूळचे बिंदू वेगळे ठेवा आणि दर वेळी वाढलेल्या कोनातून तेच फिरवा, नाहीतर पूर्णांकात काटछाट होऊन होडीच्या फळ्या सुटायला लागतात. जुनी फाईल अजून बऱ्याच जणींच्या पेन ड्राइव्हवर आहे. तुमच्याकडची कुठली, हे ९० टाकलेत की लगेच कळेल.