क्युरेटिंगनंतर पाळी मंदावते तेव्हां

काटेवाडीहून (ता. बारामती) एका वाचक भगिनीनें आपल्या धाकट्या जावेविषयीं विचारिलें आहे. तिसऱ्या महिन्यांत गर्भपात झाला, पिशवी साफ केली; कांहीं अंश राहिल्यामुळें तीन आठवड्यांनीं पुन्हां क्युरेटिंग करावें लागलें. पूर्वीं चार-पांच दिवस होणारा स्राव तेव्हांपासून केवळ डागापुरता दिसतो आणि वर्ष लोटलें तरी दिवस राहिले नाहींत. घरांत मात्र अंगांत उष्णता झाली असें ठरवून काढे चालू आहेत!

गर्भाशयाच्या अस्तराचा वरचा थर दरमहा गळून पडतो व खालच्या थरांतून पुन्हां उगवतो. गर्भपातानंतर पिशवी मऊ असते. त्या वेळीं, विशेषतः दुसऱ्या खेपेस, हत्यार खोल गेलें तर हा खालचा थरच खरवडला जातो. मग समोरासमोरच्या उघड्या भिंती एकमेकींस चिकटतात. जोसेफ अशरमन यांनीं १९४८ सालीं अशा २९ स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली, म्हणून विकारास त्यांचें नांव पडलें. बीजकोशांचें काम नीट चालू असतें; जेथें अस्तरच उरलें नाहीं तेथें पाळी आणणाऱ्या गोळ्या तरी काय करणार? स्राव बंद, पण दरमहा ओटीपोटांत कळ येते, असें असल्यास पिशवीचें तोंडच चिकटल्याचा संशय घ्यावा.

खात्री दुर्बिणीनेंच होते. कांहीं मिलिमीटर जाडीची दुर्बीण योनिमार्गानें आंत घालून, पाण्यानें पिशवी फुगवून पाहतात. पोटावर छेद लागत नाहीं. त्याच वाटेनें बारीक कात्रीनें पापुद्रे तोंडाकडून वर, मधोमध कापीत जातात. चिकटण दाट असल्यास दिशा चुकून पिशवीस भोंक पडण्याचें भय असतें, म्हणून सोनोग्राफीची देखरेख ठेवितात. कापलेल्या भिंती पुन्हां चिकटूं नयेत यासाठीं पुष्कळदां आंत आठवडाभर लहान फुगा ठेवितात, अस्तर वाढावें म्हणून इस्ट्रोजेन देतात आणि महिना-दोन महिन्यांनीं पुन्हां दुर्बीण घालून पाहतात. ही दुसरी तपासणी खर्चाच्या भीतीनें टाळूं नये. दाट चिकटण पुन्हां होण्याचें प्रमाण मोठें आहे.

पुढें मूल होईल काय? चिकटण थोडी असल्यास निम्म्याहून अधिक स्त्रियांस दिवस राहतात. दाट असल्यास सुमारें तिघींत एकीस. आपल्या देशांत क्षयानेंही असेंच घडतें, व त्यांत यश फारच थोडें येतें. म्हणून अस्तराचा तुकडा क्षयासाठीं तपासून घ्यावा.

दिवस राहिल्यावर मात्र घरीं बाळंतपण करूं नये. वार भिंतींत रुतून बसण्याचा धोका असतो. सोनोग्राफीत वारेची जागा पाहून घ्यावी आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयांत आधींच नांव घालावें.