दहा दिवसांची रजा, वर्षाचा फटका

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेचा निकाल लावला, की विद्यार्थी डॉक्टर झाला असे घरचे समजतात. प्रत्यक्षात त्याला स्वतंत्रपणे रुग्ण तपासता येत नाहीत. आधी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडून तात्पुरती नोंदणी, मग बारा महिन्यांची आंतरवासिता म्हणजे इंटर्नशिप, ती पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र आणि शेवटी कायम नोंदणी, असा हा क्रम आहे.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१च्या नियमांत हे वर्ष आठवड्यांत वाटलेले आहे. सामुदायिक आरोग्य बारा आठवडे, स्त्रीरोग व प्रसूती सात, औषधवैद्यक आणि शस्त्रक्रिया प्रत्येकी सहा आठवडे, आणि बाकीचा काळ इतर विभागांत जातो. प्रत्येक विभागातील कामाची नोंद लॉगबुकमध्ये होते. वर्षात पंधरा दिवसांची रजा मिळते. त्यापुढच्या गैरहजेरीचे दिवस भरून द्यावे लागतात आणि तेवढी इंटर्नशिप लांबते.

हे लांबणे कुठे नडते, ते एका उदाहरणातून कळेल. २०२५च्या नीट-पीजीसाठी इंटर्नशिप ३१ जुलैपर्यंत पूर्ण असण्याची अट होती. समजा, एकाची इंटर्नशिप २६ जुलै २०२४ला सुरू झाली. ती २५ जुलै २०२५ला संपते, म्हणजे मुदतीआधी सहा दिवस. पण आजारपणामुळे किंवा अभ्यासासाठी त्याने पंधराऐवजी पंचवीस दिवस सुटी घेतली, तर शेवट ४ ऑगस्टला जातो. चार दिवसांसाठी तो पात्रतेबाहेर पडतो आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी पुढच्या वर्षाची वाट पाहणे आले.

मुदत वाढवल्याची उदाहरणे आहेत. २०२३मध्ये ती ३१ मार्चवरून ३० जून आणि नंतर ११ ऑगस्टपर्यंत गेली होती. मात्र त्या वर्षी प्रश्न हजारोंचा होता. एकट्याच्या रजेसाठी तारीख सरकत नाही.

पैशाचेही तसेच. राज्यातील शासकीय महाविद्यालयांत इंटर्नचे विद्यावेतन अकरा हजारांवरून अठरा हजार रुपये महिना झाले. वाढीव काळात ते सहसा मिळत नाही. खासगी महाविद्यालयांत रकमेवरून वाद होत राहतात. दिल्लीच्या आर्मी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमधील इंटर्नना दरमहा पंचवीस हजार द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये दिला, तो अशाच वादातून.

म्हणून रजेचा हिशेब वर्षाच्या शेवटी नव्हे, तर दर विभाग सोडताना करावा. हजेरी आणि लॉगबुकवरील सही त्याच आठवड्यात घ्यावी. विशेषतः ग्रामीण आरोग्य केंद्रातील हजेरी महाविद्यालयात पोहोचली का, हे पाहावे. राहिलेला एक दिवस तेव्हा भरून काढता येतो, जुलैअखेरीस नाही.